‘दोन दिवसांचं काम’: बदल विनंतीत स्कोप, वेळ आणि खर्च कसे लिहावेत

प्रश्न: आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पात क्लायंटने मध्येच एक छोटा बदल मागितला. मी बदल विनंतीचा फॉर्म भरला: स्कोप – किरकोळ, वेळ – २ दिवस, खर्च – नाही. चेंज कंट्रोल बोर्डाने ‘परिणामांचं विश्लेषण अपुरं’ असा शेरा मारून तो परत पाठवला. या तीन रकान्यांत नेमकं काय लिहायचं असतं? आणि इंटिग्रेटेड चेंज कंट्रोल प्रत्यक्षात कसं चालवतात?

उत्तर:

बोर्डाला त्या फॉर्मवरून निर्णय घेता आला नसता, म्हणून तो परत आला. ‘किरकोळ’, ‘२ दिवस’ आणि ‘नाही’ ही तीन मतं आहेत. सही करणाऱ्या माणसाला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच: मी सही केली, तर मंजूर बेसलाइनमधला, म्हणजे ठरलेल्या स्कोप, तारखा आणि खर्चातला, कोणता आकडा कशावरून कशावर जाईल? तुमच्या फॉर्ममध्ये याचं उत्तर नाही. आणि ते नाही, कारण तिन्ही रकाने सुटे सुटे भरले गेले. ते एकातून एक निघावे लागतात. स्कोपमधून कामांची यादी निघते. यादीतून मेहनत निघते. ती मेहनत कोण आणि कधी करणार, यावरून वेळ ठरतो. खर्च या सगळ्याच्या शेवटी येतो, आणि वेळ पक्का झाल्याशिवाय तो पक्का होत नाही. शेवटच्या वाक्याकडे पुढे परत येईन, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

आधी काही अटी. तुमचा करार ठरावीक रकमेचा असेल, तर बदल विनंती म्हणजे जवळजवळ करारातली दुरुस्तीच. तिच्यावर क्लायंटकडून ज्याला करार बदलण्याचा अधिकार आहे त्याचीच सही लागते, रोज बैठकीला येणाऱ्या वापरकर्त्याची चालत नाही. लागेल तेवढ्या तासांचे पैसे असा करार असेल, तर कागद थोडा हलका चालतो. अजाइल पद्धतीत बॅकलॉगमधल्या एका स्टोरीच्या जागी तेवढीच दुसरी घेतली, तर त्यासाठी कोणी बोर्ड बसवत नाही. पण रिलीजची तारीख किंवा एकूण बजेट बांधलेलं असेल आणि बदलामुळे ते हलणार असेल, तर अजाइलमध्येही हेच विश्लेषण करावं लागतं. नाव काहीही द्या.

प्रक्रिया थोडक्यात अशी. मागणी येते. ती तोंडी आली तरी लेखी नोंदवायची. पीएमआयच्या पीएमबोक गाइडच्या सहाव्या आवृत्तीतही (२०१७) हेच सांगितलं आहे: सुरुवात तोंडी होऊ शकते, नोंद मात्र लेखीच हवी. नोंदीला चेंज लॉगमध्ये क्रमांक मिळतो. मग तासाभराची प्राथमिक चाळणी होते. चाळणीतून पार पडलेल्या विनंतीचं सविस्तर विश्लेषण होतं. बोर्ड ती मंजूर करतं, नाकारतं किंवा पुढे ढकलतं. मंजूर झाली तर प्लॅन आणि कागदपत्रं बदलतात, संबंधितांना कळवलं जातं, काम होतं, आणि जे मंजूर झालं तेच झालं का हे तपासून नोंद बंद होते. नाकारलेली विनंतीही लॉगमध्ये राहते. नाहीतर तीच मागणी महिन्याभराने दुसऱ्या तोंडातून येते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

चाळणी वेगळी ठेवायचं कारण साधं आहे. विश्लेषणालाही मेहनत लागते, आणि ती त्याच लोकांची असते जे चालू काम करत असतात. प्रत्येक मागणीवर टीम लीडला दोन दिवस बसवलं, तर बदल नाकारूनही प्रकल्पाला उशीर होतो.

आता एक उदाहरण सविस्तर घेतो. माझ्याच एका प्रकल्पातलं आहे, ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. पैशाचे दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून खर्च मनुष्यदिवसांत देतो. आपापला दर लावून घ्या.

खरेदीच्या मागण्या मंजूर करण्याची एक प्रणाली आम्ही बांधत होतो. प्रकल्प २६ आठवड्यांचा, मंजूर खर्च ९०० मनुष्यदिवस. चौदाव्या आठवड्याच्या शेवटी क्लायंटकडून मागणी आली: ठरावीक रकमेवरच्या खरेदीला एकाऐवजी दोघांची मंजुरी हवी. त्यांच्या अंतर्गत लेखापरीक्षणात तसा आक्षेप निघाला होता. डेव्हलपर म्हणाला, ‘एक अट वाढवायची आहे, दोन दिवसांचं काम.’ तो खोटं बोलत नव्हता. ती अट लिहायला दोनच दिवस लागले असते. त्याने त्याच्या हातातलं काम सांगितलं. बदलाचं काम सांगणं ही त्याची जबाबदारी नव्हतीच.

स्कोप. या रकान्यात मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. पहिली पायरी म्हणजे मागणीला प्रश्न विचारणं. दुसरा अधिकारी रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण? त्याने नाकारलं तर मागणी पहिल्याकडे परत जाणार की थेट अर्जदाराकडे? पहिल्या मंजुरीनंतर रक्कम वाढवली तर काय? बदल लागू होईल त्या दिवशी अर्ध्या वाटेवर असलेल्या मागण्यांचं काय करायचं? एखाद्याने मर्यादा चुकवायला एकाच खरेदीच्या दोन मागण्या केल्या तर प्रणालीने ते ओळखायचं का? शेवटच्या प्रश्नावर क्लायंट थोडा थांबला आणि म्हणाला, ते आत्ता नको. हे ‘नको’ फॉर्ममध्ये ‘समाविष्ट नाही’ या मथळ्याखाली जसंच्या तसं गेलं. ही ओळ नसेल, तर स्वीकृती चाचणीच्या वेळी तीच गोष्ट ‘आम्हाला वाटलं ते आहेच’ म्हणून परत येते.

दुसरी पायरी डब्ल्यूबीएस, म्हणजे प्रकल्पाच्या कामांची फोड, घेऊन बसणं. मी कामांची संपूर्ण यादी समोर ठेवतो आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून टीमला विचारतो: याला धक्का लागतो का? स्मरणातून यादी केली तर कोडचीच कामं आठवतात. ओळीओळीने गेलं की टेस्टिंग, रिपोर्ट, वापरपुस्तिका, प्रशिक्षण आणि जुना डेटा हेही सापडतात. आमच्या उदाहरणात ती यादी अशी झाली:

- विश्लेषण आणि डिझाइन: ३
- डेटाबेस आणि मंजुरीच्या प्रवाहाचं कोड: ६
- वेब आणि मोबाइलचे स्क्रीन: ५ (त्यांत मोबाइलचे ३)
- सूचना-संदेश आणि रजेतली बदली व्यवस्था: ३
- रिपोर्टमधले बदल: २
- अर्ध्या वाटेवरच्या मागण्यांचं रूपांतर: ३
- टेस्टिंग, नवीन ५ आणि जुनं पुन्हा तपासणं ४: ९
- वापरपुस्तिका आणि प्रशिक्षण: २

एकूण ३३ मनुष्यदिवस. याची वजाबाकीची बाजूही पाहायची असते, आणि ती सहसा कोणी पाहत नाही. मूळ स्कोपमध्ये मोठ्या खरेद्या नजरेखाली ठेवण्यासाठी एक साप्ताहिक अपवाद-रिपोर्ट होता, ४ मनुष्यदिवसांचा. दुहेरी मंजुरी आली की त्याची गरज उरत नव्हती. म्हणून निव्वळ वाढ २९. वजा बाजू दाखवली की बोर्डाचा तुमच्या अधिक बाजूवरही विश्वास बसतो.

वेळ. २९ मनुष्यदिवस म्हणजे २९ दिवसांचा उशीर नव्हे. तो उशीर शून्यही असू शकतो आणि २९ पेक्षा जास्तही. इथे वेळापत्रकाचं जाळं उघडावंच लागतं. विचारायचं ते हे, की वाढलेल्या कामांपैकी कोणती क्रिटिकल पाथवर, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीवर, पडतात.

आमच्याकडे डिझाइन करणारी विश्लेषक त्या आठवड्यात मोकळी होती, त्यामुळे डिझाइनचे ३ दिवस चालू कामाला समांतर जाणार होते. मोबाइलच्या कामाला ८ दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे ते तेवढं लांबलं तरी चाललं असतं; त्यातले ३ गेले तरी तारीख हलत नव्हती. रिपोर्टचंही तसंच. पण मंजुरीच्या प्रवाहाचं कोड जाणणारा एकच माणूस होता, आणि तो क्रिटिकल पाथवर बसला होता. त्याचे ६ दिवस सरळ वाढत होते. टेस्टिंगचे ९ मनुष्यदिवस तीन टेस्टरमध्ये ३ दिवसांचे होत होते, आणि तेही त्याच पाथवर. म्हणजे ९ कामाचे दिवस उशीर.

बरेच जण इथे थांबतात. मीही ९ हा आकडा लिहिणारच होतो, पण वेळापत्रक पुढे सरकवून कॅलेंडरवर ठेवून पाहायची सवय आहे, तिने वाचवलं. स्वीकृती चाचणी १० कामाच्या दिवसांची होती, आठवडा २५ आणि २६ मध्ये. ती करणारे लोक क्लायंटच्या लेखा विभागातले, आणि आठवडा २७ ते २९ त्यांचे हिशेब बंद करण्याचे. त्या काळात ते कोणालाच मिळत नव्हते. मूळ तारीख आठवडा २६ ठेवली होती तीही याचसाठी. चाचणी ९ दिवस सरकली की ती आठवडा २६ च्या शुक्रवारी सुरू होते. एक दिवस काम होतं, मग तीन आठवडे खंड, आणि उरलेले ९ दिवस आठवडा ३० पासून. प्रणाली सुरू व्हायची ती आठवडा ३१ च्या गुरुवारी. गणितातला ९ दिवसांचा उशीर कॅलेंडरवर २४ कामाच्या दिवसांचा झाला.

म्हणून वेळेच्या रकान्यात मी नुसता ‘इतके दिवस’ हा आकडा कधीच लिहीत नाही. आधीची मंजूर तारीख, नवीन तारीख, कोणत्या कामांमुळे ती हलते, आणि कोणत्या पाथचा फ्लोट किती उरतो, या चार गोष्टी लिहितो. चौथी गोष्ट महत्त्वाची का ते सांगतो. मोबाइलच्या कामाला सुरुवातीला १५ दिवसांचा फ्लोट होता. आधीच्या १६ विनंत्यांपैकी अनेकांवर ‘वेळेवर परिणाम नाही’ असं खरंखुरं लिहिलेलं होतं, आणि तरी तो ८ वर आला होता. प्रत्येक विनंती एकटी निर्दोष होती. चेंज लॉगमध्ये उरलेल्या फ्लोटचा रकाना असला, तर ही गळती दिसते. नसला, तर एखाद्या दिवशी अगदी क्षुल्लक बदलामुळे तारीख हलते आणि सगळे त्या बदलाला दोष देतात.

खर्च. मेहनतीतला फरक २९. पण वेळ वाढला की वेळेबरोबर वाढणारा खर्चही येतो. तीन आठवड्यांच्या खंडात बाकीची टीम दुसऱ्या कामांवर गेली असती, पण प्रवाहाचा डेव्हलपर आणि टेस्टिंग प्रमुख यांना धरून ठेवणं भाग होतं. चाचणीत निघणारे दोष निस्तरायला दुसरं कोणी नव्हतं. दोन माणसं, १५ दिवस: ३० मनुष्यदिवस. (प्रकल्प व्यवस्थापकाचा वेळ आमच्याकडे प्रकल्पाच्या खर्चात धरत नसत. तुमच्याकडे धरत असतील तर तोही मिळवा.) म्हणजे खरा खर्च ५९. वेळ ठरल्याशिवाय खर्च ठरत नाही असं सुरुवातीला म्हटलं, ते यासाठी. खर्चाचा रकाना आधी भरला असता, तर आम्ही निम्माच आकडा दाखवला असता.

पैसा कुठून येणार, हेही याच रकान्यात हवं. बऱ्याच ठिकाणी बदलाचा खर्च आकस्मिक निधीतून काढतात. तो निधी ओळखलेल्या जोखमींसाठी कॉस्ट बेसलाइनच्या आत ठेवलेला असतो. व्यवस्थापनाचा राखीव निधी बेसलाइनबाहेर असतो, आणि तो प्रकल्पाच्या मूळ स्कोपमध्येच अनपेक्षितपणे निघालेल्या कामासाठी. क्लायंटने नव्याने मागितलेलं काम या दोन्हींत बसत नाही. त्याला नवीन पैसा लागतो. जोखमीचा निधी बदलांवर उडवला, तर जोखीम प्रत्यक्षात आली की हातात काही उरत नाही, आणि त्या वेळी तो कुठे गेला हे कोणालाही नीट सांगता येत नाही.

आता पर्याय. एकच मार्ग लिहिलेला फॉर्म बोर्डाला हो किंवा नाही एवढंच म्हणू देतो. आम्ही तीन मार्ग मांडले.

पहिला, पूर्ण बदल आत्ताच: ५९ मनुष्यदिवस, २४ दिवस उशीर.

दुसरा क्लायंटनेच सुचवला: ‘मोबाइल आणि रजेची व्यवस्था वगळा, म्हणजे लवकर होईल.’ वगळून पाहिलं. ३ आणि ३ कमी झाले, टेस्टिंग ९ वरून ६ वर आलं, म्हणजे मेहनत २० वर उतरली. उशीर मात्र ९ वरून ८ वरच आला, कारण जे कापलं ते क्रिटिकल पाथवर नव्हतंच. फक्त टेस्टिंगचा एक दिवस वाचला. चाचणी तरीही हिशेबांच्या खंडात सापडत होती. एकूण ५० मनुष्यदिवस आणि २३ दिवस उशीर. स्कोप कापला की वेळ वाचतो हे दर वेळी खरं नसतं. कुठून कापता त्यावर ते आहे.

तिसरा, मूळ प्रणाली ठरल्या दिवशी सुरू करायची आणि दुहेरी मंजुरी दुसऱ्या रिलीजमध्ये द्यायची. इथे मेहनत जास्त लागते. ३३ तर आहेतच. अपवाद-रिपोर्ट तोवर लागणार, म्हणून ४ ची बचत मिळत नाही. जुनं पुन्हा तपासायचे आणखी ४, वेगळ्या प्रशिक्षणाचे २, आणि प्रणाली चालू झाल्यावर अर्ध्या वाटेवरच्या मागण्या वाढलेल्या असणार म्हणून रूपांतराचे आणखी ३. एकूण ४२. मूळ तारखेवर परिणाम शून्य. लेखा विभाग हिशेबांत अडकलेला असताना बांधणी करायची आणि आठवडा ३० पासून ते मोकळे झाले की चाचणी घ्यायची. म्हणजे बदल मिळणार होता जवळजवळ त्याच आठवडा ३१ मध्ये, ज्यात पहिल्या पर्यायाने सगळंच मिळालं असतं.

नुसती मेहनत पाहिली तर आकडे होते २९, २० आणि ४२. तिसरा पर्याय सर्वांत महाग. वेळ मिसळला की ते झाले ५९, ५० आणि ४२, आणि क्रम उलटा झाला. स्कोप, वेळ, खर्च यांचा एकत्र विचार करायचा तो असा.

‘काहीच न करणं’ हाही पर्याय मी नेहमी लिहितो, त्याच्या किमतीसह. इथे ती किंमत म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप उघडा राहणं आणि मोठ्या खरेद्या दर आठवड्याला कोणीतरी हाताने तपासणं.

बोर्डापुढे गेलेला मजकूर साधारण असा होता. तुम्हाला नमुना म्हणून उपयोगी पडेल:

> बदल विनंती क्र. १७, आवृत्ती २
> मागणी: ठरावीक रकमेवरच्या खरेदीला दोन अधिकाऱ्यांची मंजुरी. कारण: अंतर्गत लेखापरीक्षणातील आक्षेप. मागणी करणारे: क्लायंटचा खरेदी विभाग.
> स्कोप: डब्ल्यूबीएसमधील ८ कामांवर परिणाम, यादी सोबत. समाविष्ट नाही: एकाच खरेदीच्या अनेक मागण्या ओळखणं.
> शिफारस: पर्याय ३, दुसऱ्या रिलीजमध्ये.
> वेळ: पहिलं रिलीज आठवडा २६, बदल नाही. नवीन टप्पा: दुसरं रिलीज, आठवडा ३१ अखेर. पहिल्या रिलीजमधल्या कोणत्याही पाथचा फ्लोट कमी होत नाही.
> खर्च: ९०० वरून ९४२ मनुष्यदिवस. निधी: क्लायंटकडून अतिरिक्त. आकस्मिक निधी वापरला जाणार नाही.
> गुणवत्ता आणि जोखीम: रूपांतरात मागण्यांची स्थिती चुकण्याची शक्यता; उपाय म्हणून रूपांतराची एक रंगीत तालीम.
> गृहीत: लेखा विभागाचे लोक आठवडा ३० पासून उपलब्ध.
> अंदाजाची मुदत: १० कामाचे दिवस. त्यानंतर फेरविश्लेषण.

शेवटची ओळ बहुतेक फॉर्ममध्ये नसते. पर्याय १ आणि २ चा अंदाज प्रवाहाचं कोड अजून खुलं आहे या गृहीतावर होता. दोन आठवड्यांनी ते बाकीच्या प्रणालीशी जोडलं जाणार होतं, मग त्याला हात लावणं बरंच महाग पडलं असतं. बोर्डाने सहा आठवड्यांनी होकार दिला आणि अंदाज जुनाच धरला, तर फरक तुमच्या खिशातून जातो. मुदत लिहिली की निर्णय लांबवण्याचीही काही किंमत आहे हे कागदावर येतं.

बोर्डाने तिसरा पर्याय मंजूर केला. त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण तिथे हलगर्जीपणा झाला तर विश्लेषण फुकट जातं. डब्ल्यूबीएसमध्ये दुसऱ्या रिलीजची नवीन शाखा आली. आवश्यकतांच्या दस्तऐवजाची आवृत्ती वाढली आणि त्यात विनंतीचा क्रमांक आला. वेळापत्रकात नवीन टप्पा, कॉस्ट बेसलाइन ९४२, जोखीम नोंदवहीत एक ओळ, टेस्टिंगच्या योजनेत एक भाग. टीमला लेखी कळवलं की पहिल्या रिलीजच्या कोडमध्ये यातलं काहीही घालायचं नाही. हे कळवणं फार गरजेचं असतं. उत्साही डेव्हलपर मंजुरीआधीच थोडंसं करून ठेवतो, आणि ते अर्धवट कोड टेस्टिंगमध्ये दोष म्हणून निघतं. आमच्याकडे नियम होता की कोडच्या प्रत्येक बदलाच्या नोंदीत मंजूर विनंतीचा किंवा दोषाचा क्रमांक हवा. क्रमांक नसलेल्या नोंदी आठवड्यातून एकदा चाळल्या की मागच्या दाराने आलेले बदल सापडतात.

आणि एक पथ्य. त्या वेळी झालेल्या कामावर नियोजनापेक्षा १८ मनुष्यदिवस जास्त गेले होते. बदल मंजूर होताना बेसलाइन नवी होतेच आहे, तर ते १८ ही त्यातच मिसळून टाकू, असा मोह होतो. सुचवणारेही भेटतात. मी तसं करत नाही. मंजूर बदलाने बेसलाइन बदलते ती फक्त बदलाच्या कामापुरती, पुढच्या कामासाठी. मागची तूट दिसत राहिली पाहिजे. ४२ च्या जागी ६० लिहिले असते, तर क्लायंटने आमच्या ढिलाईचे पैसे दुहेरी मंजुरीच्या नावाखाली भरले असते, आणि पुढच्या विनंतीसाठी दुहेरी मंजुरीला ६० लागले असा खोटा अनुभव आमच्याच दप्तरात राहिला असता. प्रत्यक्षात ४७ लागले. वाढलेले ५ बहुतेक रूपांतराचे होते, आणि नोंद बंद करताना ते तसंच लिहिलं.

प्रत्येक विनंतीला एवढा थाट लागत नाही. कोणी काय मंजूर करायचं याची मर्यादा प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ठरवा. आमच्याकडे तिन्ही बेसलाइनपैकी एकही हलत नसेल आणि फ्लोट ठरावीक पातळीखाली जात नसेल, तर प्रकल्प व्यवस्थापक स्वतः मंजूर करायचा आणि लॉगमध्ये नोंद करायचा. बाकी सगळं बोर्डाकडे. चालू प्रणाली बंद पडण्याची वेळ आली तर आधी दुरुस्ती आणि कागद नंतर, पण तो ‘नंतर’ म्हणजे दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत.

तुमच्या फॉर्मकडे येतो. आज टीमला डब्ल्यूबीएस घेऊन बसवा आणि ते ‘२ दिवस’ नेमक्या कोणत्या ओळीचे आहेत ते शोधा. बाकीच्या ओळी भरल्यावर वेळापत्रक हलवून पाहा, आणि ते कॅलेंडरवर ठेवून चाचणी करणारी माणसं त्या तारखांना मिळतात का ते फोन करून विचारा. मग खर्च. टेस्टिंगच्या ओळीत शून्य दिसलं किंवा ‘समाविष्ट नाही’ खाली काहीच नसलं, तर यादी अजून अपुरी आहे असं समजा. परत पाठवताना नवीन क्रमांक घेऊ नका. जुन्याच क्रमांकावर आवृत्ती २ म्हणून द्या आणि पहिली आवृत्ती खोडू नका. बोर्ड विचारेलच की २ दिवसांचं इतकं कसं झालं, आणि तेव्हा ती यादी ओळीओळीने समोर ठेवता येईल.